कडेचा माणूस

घरगुती छायाचित्रात मधल्या माणसांकडे सगळ्यांचे लक्ष असते. कडांकडे कोणाचेच नसते. फोटो काढणारा चेहरे पाहतो, कोणी डोळे मिटले नाहीत ना एवढे पाहतो आणि बोट दाबतो. त्यामुळे कुटुंबाच्या जुन्या फोटोंतून कडेला बरेच काही शिल्लक राहून गेलेले असते : सायकलचे अर्धे चाक, दोरीवरचे धोतर, आणि पुष्कळदा एखादा माणूस. हा माणूस कुटुंबातला नसतो. तो त्या क्षणी तेथे उभा होता एवढाच त्याचा अपराध. अल्बममध्ये फोटो बोटभर असतो तोवर हा गृहस्थ कोणाला खुपत नाही. फोटो मोठा करून भिंतीवर लावायचे ठरले म्हणजे मात्र तो एकाएकी मोठा होतो, आणि घरातले म्हणू लागतात, याला काढा.

काढणे सोपे आहे. कात्री असो, की पडद्यावरची चौकट असो, एक उभी रेघ मारली की काम झाले. अवघड असते ते त्यानंतरचे. छायाचित्राची कड ही ताटाच्या कडेसारखी केवळ शेवट नसते. चित्राच्या आतल्या प्रत्येक वस्तूचे वजन त्या कडेपासूनच्या अंतरावर ठरत असते. उजवी कड दीड इंच आत आली की डावीकडची मोकळी जागा न हलता मोठी होते, मध्यभागी असलेला माणूस न हलता उजवीकडे सरकतो. एका कडेला हात लावणाऱ्याला उरलेल्या तिन्ही कडा नव्याने ठरवाव्या लागतात.

या गोष्टीचे एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. ५ मार्च १९६० रोजी हवानातील एका शोकसभेत आल्बेर्तो कोर्दा या छायाचित्रकाराने चे गव्हेराचे छायाचित्र घेतले. आज ते चित्र भिंतींवर आणि सदऱ्यांवर दिसते तेव्हा त्यात एकटा चेहरा असतो. कोठेतरी दूर पाहणारा. मूळ निगेटिव्ह मात्र आडवी आहे, आणि तीत डाव्या कडेला दुसऱ्या एका माणसाचा चेहरा बाजूने दिसतो, तर उजव्या कडेला ताडजातीच्या झाडाच्या झावळ्या आहेत. तो डावीकडचा माणूस नको होता, म्हणून तो कापला गेला. पण तेवढेच करून भागले नसते; उजवीकडच्या झावळ्या मग चित्राला एका अंगाला ओढत राहिल्या असत्या. म्हणून झावळ्याही गेल्या, आणि आडवे चित्र उभे झाले. एक माणूस गाळल्यामुळे एक झाड गाळावे लागले, आणि झाड गेल्यामुळे ती सभा, ते शहर, तो दिवस हेही चित्रातून गेले. उरला तो काळ आणि स्थळ नसलेला चेहरा. त्या चित्राच्या कीर्तीत या कापण्याचा वाटा मोठा आहे. कुटुंबाच्या फोटोला मात्र असली कीर्ती नको असते. त्याला काळ आणि स्थळ हवे असते. म्हणून तेथे प्रश्न अधिक नाजूक होतो.

काशीच्या ब्रह्मघाटावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या एका मराठी कुटुंबातला असा एक फोटो येथे विचारात घेण्यासारखा आहे. तो १९७६ च्या हिवाळ्यात सारनाथला घेतलेला. कॅमेरा अ‍ॅग्फा क्लिक थ्री : त्या काळी मध्यम स्थितीच्या घरांतून सर्रास आढळणारा, एका रिळावर सहा सेंटिमीटर चौरसाचे बारा फोटो देणारा. वडील त्या कॅमेऱ्याचे मालक, आणि म्हणूनच घरातल्या यच्चयावत फोटोंतून गैरहजर. सारनाथच्या या एका फोटोत तेवढे ते आहेत, कारण त्या दिवशी त्यांनी कॅमेरा कोणा वाटसरूच्या हाती दिला होता. डावीकडून वडील, थोरली मुलगी, आई, मधला मुलगा आणि धाकटा, असे पाचही जण ओळीने उभे आहेत. त्यांच्या मागे वरच्या डाव्या भागात धमेख स्तूप आहे. आणि उजव्या कडेला पांढरा कुडता घातलेला एक अनोळखी गृहस्थ आहे.

पन्नासएक वर्षे लोटली. आईवडील दोघेही गेले. धाकट्याने नवे घर घेतले तेव्हा त्याला हा फोटो भिंतीसाठी हवासा वाटला. थोरली अध्यापनातून निवृत्त होऊन काशीतच राहिली आहे. घरातले अल्बम आणि निगेटिव्हची पाकिटे तिच्याकडे. धाकट्याने फोनवर सांगितले, “ताई, त्या कडेच्या माणसाला कापून टाक आणि दे मोठा करून.” ती म्हणाली, “अरे, कापायला माझी हरकत नाही. पण त्याच्याबरोबर आणखी काय काय जाते ते आधी पाहू.”

पाहणे म्हणजे मोजणे. तिने पाकिटातली निगेटिव्ह स्कॅन करून घेतली आणि तिची दहा इंच चौरसाची एक साधी प्रत काढवली. कामाला सुरुवात करण्यापूर्वी कापण्याजोगी एक प्रत हाताशी असावी आणि मूळ चित्राला धक्का लागू नये म्हणून. मग पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे कापले. जुन्या काळी डार्करूममध्ये काम करणारे लोक हेच करीत. असे दोन तुकडे समोरासमोर ठेवले की त्यांच्यामध्ये एक चौकट तयार होते. ती हवी तशी लहानमोठी करता येते, सरकवता येते, आणि चित्राला कात्री न लावता शंभर वेळा कापून पाहता येते. पडद्यावरही हे होते. पण पुठ्ठ्याचे तुकडे हातात असले म्हणजे मनुष्य सावकाश सरकवतो, आणि या कामात सावकाशीला महत्त्व आहे.

पहिला प्रश्न असा, की तो गृहस्थ खुपतो तो नेमका कशामुळे? कडेला आहे एवढे कारण पुरत नाही. स्तूपही कडेलाच आहे. फोटो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून डोळे किलकिले करून पाहिला, मग उलटा धरून पाहिला, म्हणजे उत्तर मिळाले. चेहरे ओळखू येईनासे झाल्यावर चित्रात उजेड आणि अंधार एवढेच उरतात, आणि तेव्हा सर्वांत प्रथम नजर जाई ती उजव्या कडेवरच्या उभ्या पांढऱ्या पट्ट्याकडे. तो पांढरा कुडता होता. भोवती सगळे राखाडी असताना एकच पांढरा पट्टा कडेला असेल तर नजर तेथे जाते, आणि कड जवळच असल्यामुळे तेथून चित्राबाहेर घसरते. दुसरे कारण चेहऱ्याचे. माणसाचा चेहरा, मग तो कितीही लहान असो, चित्रातल्या दगडामातीपेक्षा जड असतो. हे दोन्ही गुण त्या गृहस्थात एकत्र आले होते. तो मळकट शाल पांघरून पाठमोरा उभा असता, तर बहुधा त्याला कोणी हातही लावला नसता.

आता मापे. दहा इंचांच्या प्रतीत, डाव्या कडेपासून मोजले असता, स्तूप ०.५ इंचापासून ३.८ इंचांपर्यंत आहे आणि त्याचा माथा वरच्या कडेखाली १.२ इंच आहे. कुटुंब वडिलांच्या खांद्यापासून धाकट्याच्या कोपरापर्यंत, म्हणजे ३.२ इंचांपासून ८.१ इंचांपर्यंत. पावलांखाली ०.९ इंच जमीन. त्या गृहस्थाची बाही सुरू होते ८.७ इंचांवर. म्हणजे धाकट्याचे कोपर आणि ती बाही यांच्यामध्ये ०.६ इंचाची एक फट आहे. कापायची रेघ या फटीतूनच जाऊ शकते. एवढी फट मिळाली हेच नशीब. पुष्कळ फोटोंत परका माणूस आपल्या माणसाच्या खांद्याआड असतो, आणि मग आपल्या माणसाचाही काही भाग द्यावा लागतो. तसे करावे लागलेच तर रेघ सांध्यावरून नेत नाहीत. मनगट, कोपर किंवा गुडघा येथे कापलेला अवयव तोडल्यासारखा दिसतो. दंडाच्या किंवा मांडीच्या मध्यावर कापलेला चौकटीबाहेर चालू राहिल्यासारखा वाटतो. येथे तो प्रसंग नव्हता. रेघ ८.५ वर ठरली. फटीच्या अगदी मध्यावर नव्हे, तर बाहीच्या अंगाला थोडी सरकवून. कारण धाकट्याच्या कोपराला श्वास हवा होता, बाहीला नको होता. मात्र बाहीचा एखादा धागाही आत राहता कामा नये. अर्धवट काढलेला माणूस पुऱ्या माणसापेक्षा वाईट. पूर्ण माणूस दिसला तर पाहणारा “हा कोण?” असे विचारतो, नुसती बाही दिसली तर तो विचारतो, “येथे कोणाला कापले?”

उजवीकडून दीड इंच गेल्यावर उरले ८.५ रुंद आणि १० उंच. फ्रेमच्या दुकानात सहज मिळणारे माप ८ बाय १०. धाकट्याला वाटले, गणित आपोआपच सुटले. डावीकडून आणखी अर्धा इंच काढला की झाले. पुठ्ठ्याचा तुकडा अर्धा इंच आत सरकवताच दोष दिसला. स्तूपाची डावी बाजू बरोबर अर्ध्या इंचावर सुरू होते. आता ती नव्या कडेला जाऊन टेकली. आतही नाही, कापलेलीही नाही, केवळ चिकटलेली. असा स्पर्श चित्रात फार वाईट दिसतो, कारण पाहणाऱ्याला वस्तू आणि चौकट वेगळी करता येत नाही. स्तूप जणू लाकडी पट्टीला डकवला आहे असे वाटते. कडेशी वस्तूचे संबंध दोनच प्रकारचे असावेत : एक तर स्पष्ट अंतर ठेवावे, नाही तर निःसंकोच कापावे.

दुसरा प्रयोग उलट टोकाचा. उजवीकडे धाकट्याच्या कोपरापुढे ०.४ इंच जागा आहे, तेव्हा डावीकडेही वडिलांच्या खांद्यामागे तेवढीच ठेवावी, म्हणजे कुटुंब नेमके मध्यभागी येईल. रेघ २.८ वर गेली. कुटुंब खरोखरच मध्यभागी आले आणि चित्र मेले. स्तूपाची फक्त एक इंच रुंद चीर उरली, आणि ती वडिलांच्या डोक्यामागून खांबासारखी वर निघालेली दिसू लागली. एवढी मोठी वास्तू, तिच्यावरचे गुप्तकालीन कोरीव नक्षीचे पट्टे, हे सर्व जाऊन मागे नुसती विटांची भिंत असल्याचा भास झाला. पाच माणसे कोठल्याही गावातल्या कोठल्याही भिंतीपुढे उभी राहिली असती तरी असाच फोटो आला असता. दोन्ही बाजूंना सारखी जागा ठेवणे म्हणजे तोल राखणे, हा समज किती फसवा आहे हे येथे कळते. तागडीत दोन्ही पारडी दांडीच्या सारख्याच अंतरावर असतात, म्हणून तेथे सारखी वजने लागतात. वखारीतल्या दांडीकाट्यात तसे नसते. एका बाजूला जवळ टांगलेले मोठे पोते दुसऱ्या बाजूला दूर सरकवलेले लहान वजन तोलून धरते. चित्राचा तोल या दुसऱ्या जातीचा असतो. पाच चेहरे म्हणजे पोते. स्तूप आकाराने मोठा, पण फिका, दूरचा आणि चेहरा नसलेला, म्हणून वजनाला हलका. तो पोते तोलू शकतो, पण मध्यापासून दूर असेल तरच.

तिसरी रेघ म्हणून १.५ वर पडली. स्तूपाचा डावीकडचा सुमारे एक-तृतीयांश भाग जातो. म्हणजे कड त्याला टेकत नाही, निश्चितपणे कापते. उरलेला दोन-तृतीयांश भाग डाव्या वरच्या कोपऱ्यात कडेलगतच राहतो आणि त्याचा गोलावा डोळा मनाने पुरा करून घेतो. चित्र सात इंच रुंद झाले. ८ बाय १० या प्रमाणात सात इंच रुंदीला पावणेनऊ इंच उंची लागते, तेव्हा वरखाली मिळून सव्वा इंच काढणे आले. ते सारखे वाटून चालले नसते. पावलांखाली ०.९ इंचच जमीन होती; त्यातली निम्मी, म्हणजे ०.४५ इंच घेतली, आणि उरलेले ०.८ इंच आकाशातून घेतले. स्तूपाचा माथा नव्या वरच्या कडेखाली ०.४ इंच राहिला, आणि पावलांखालीही जवळपास तेवढेच राहिले. कुटुंब आता मध्यापासून किंचित उजवीकडे, खाली. स्तूप डावीकडे, वर. नजर स्तूपावरून उतरून वडिलांवर येते, तेथून ओळीने आईवर, आणि मुलांवरून शेवटी धाकट्यापाशी पोचते.

आणि तेथेच पुन्हा अडचण. इतर चौघे कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. पाच वर्षांचा धाकटा मात्र मान वळवून उजवीकडे पाहत आहे. मूळ फोटोत तो त्या गृहस्थाकडे पाहत होता, एवढे उघड होते. आता तो गृहस्थ गेला, आणि पोराची नजर ०.४ इंचावरच्या कडेवर आपटून बाहेर जाऊ लागली. चित्रातला मनुष्य ज्या दिशेने पाहतो त्या दिशेला थोडी मोकळी जागा सोडावी, हा छायाचित्रणातला साधा संकेत आहे. कारण नजर हीसुद्धा एक हालचाल आहे आणि तिला अंगण लागते. येथे अंगण देता येत नव्हते. त्या अंगणातच परका उभा होता. पुठ्ठ्याचा तुकडा कसाही सरकवला तरी ही गोष्ट बदलेना. कापण्याच्या कलेची ही मर्यादा आहे : माणूस कापता येतो, पण दुसऱ्या माणसाने त्याच्याकडे पाहिलेले कापता येत नाही.

त्याची सावलीही कापता येत नव्हती. हिवाळ्यातले तिसऱ्या प्रहराचे ऊन उजवीकडून, समोरून येत होते. सगळ्यांच्या लांब सावल्या डावीकडे, जरा मागे पडलेल्या. त्या गृहस्थाची सावली त्याच्या पायांपासून निघून धाकट्याच्या पायांमागून आत शिरली होती. खालून कापून ती घालवायची तर कुटुंबाची पावलेही गेली असती. कुटुंबाच्या सावल्या एकमेकींत मिसळल्या असल्यामुळे परक्याच्या सहज लक्षात येत नाही. पण धाकटा ओळीत उजवीकडचा शेवटचा आहे, त्याच्या उजवीकडे सावली असण्याचे काही कारण नाही, आणि तेथे जमिनीवर एक काळा पट्टा आहे. मोजणाऱ्याला पाच माणसे आणि सहा सावल्या सापडतील.

धाकट्याचा यावर उपाय तयार होता. आजकाल पडद्यावर हवी ती वस्तू पुसून तेथे माती पसरता येते. सावलीही पुसावी, आणि मग तो माणूस कापण्याऐवजी पुसूनच टाकावा. म्हणजे पोराच्या नजरेला मोकळी जागाही मिळेल आणि स्तूपही पुरा राहील. चित्राच्या दृष्टीने पाहिले तर या सूचनेत खोट काढणे कठीण आहे. जुने स्टुडिओवालेही कुंचल्याने असेच करीत. थोरलीने तिला नकार दिला तो चित्राच्या दृष्टीने नव्हे. चौकट लहान करणारा म्हणतो, मी एवढेच दाखवतो. बाहेर काय होते याविषयी तो मौन राखतो, पण आत जे आहे ते तेथे होतेच. पुसणारा मात्र जेथे माणूस होता तेथे माती होती असे लिहितो. पहिले गाळणे आहे; दुसरे रचणे आहे.

हा भेद ग्रंथसंपादनाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली सुरू झालेले आणि १९६६ मध्ये पुरे झालेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम याच भेदावर उभे आहे. विष्णु सीताराम सुखटणकरांनी संपादनाची जी शिस्त घालून दिली, तीत हस्तलिखितांचा आधार नसलेला भाग संहितेतून निर्धास्तपणे बाहेर काढला गेला, पण पदरचे शब्द घालून पोकळी भरण्याचा मोह कटाक्षाने टाळला गेला. गणपतीने व्यासांचा लेखक होण्याची कथा, जी प्रत्येक मराठी घरातल्या मुलाला ठाऊक असते, तीही संहितेबाहेर गेली. पण ती नाहीशी झाली नाही. गाळलेल्या ओळी तारांकित क्रमांकांनी तळटीपांत आणि मोठे भाग परिशिष्टांत अशी त्यांची जागा ठरली. वाचकाला हवे तेव्हा ते तेथे सापडतात. संपादकाने कड ठरवली; कडेबाहेरचे जाळले नाही. घरगुती छायाचित्राला परिशिष्ट कसे जोडावे, एवढाच प्रश्न थोरलीपुढे उरला.

ते सुचण्याआधी आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. अल्बममधली जुनी प्रत आणि निगेटिव्हवरून काढलेली नवी प्रत तिने शेजारी ठेवल्या, तेव्हा नव्या प्रतीत चारही बाजूंनी थोडे अधिक दिसत होते. यात नवल नाही. जुन्या काळी प्रत काढताना निगेटिव्हच्या कडा झाकणाऱ्या पट्टीखाली थोडा भाग जाई, आणि तो कोणाच्याच लक्षात येत नसे. म्हणजे या फोटोचे पहिले कापणे १९७६ सालीच, कोणी न ठरवता झाले होते. त्या कापण्यात गृहस्थाचा डावा हात गेला होता. निगेटिव्हमध्ये तो अगदी कडेला शिल्लक होता, आणि त्या हातात एक पिशवी होती. भिंगाखाली पिशवीच्या तोंडाशी रुंद काठ दिसला. आई जुन्या लुगड्यांचे काठ जपून ठेवी आणि पिशव्यांच्या तोंडाला लावी. घरातल्या सगळ्या पिशव्या तशाच असत. त्या दिवशीचा फराळाचा डबा त्याच पिशवीत होता.

मग बाकीचे सगळे उलगडले. फोटोत पिशवी नको, म्हणून कोणीतरी ती धरायला हवी होती. कॅमेरा एका वाटसरूने घेतला, पिशवी दुसऱ्याने; बहुधा दोघे बरोबरचेच असावेत. पिशवी धरणारा चौकटीतून दूर झालो या समजुतीने चार पावले बाजूला जाऊन उभा राहिला. पण असल्या साध्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून जेवढे दिसते त्यापेक्षा फिल्मवर बहुधा थोडे अधिक उतरते, हे त्याला किंवा त्याच्या सोबत्याला कोठून ठाऊक असणार? आणि धाकटा पाहत होता तो त्या माणसाकडे नव्हे, तर परक्याच्या हाती गेलेल्या फराळाच्या पिशवीकडे. थोरलीने हे फोनवर सांगितले तेव्हा धाकटा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे आपल्यासाठी थांबला होता तो.” थोड्या वेळाने त्याने विचारले, “ताई, मग ठेवायचा का त्याला?”

येथे कोणी ठेवावा असे म्हटले असते तर ते समजण्यासारखे होते. पण थोरलीने निर्णय बदलला नाही, आणि तो बदलण्याचे कारणही नव्हते. गृहस्थ कोण होता हे कळल्याने पांढऱ्या कुडत्याचा भार कमी होत नाही. भिंतीवरचा फोटो रोज येताजाता पाहिला जाणार, तो आईवडिलांसाठी लावलेला. त्यात नजर प्रथम वडिलांवर आणि आईवर जायला हवी, पिशवी धरणाऱ्यावर नव्हे. त्या गृहस्थालाही तेच अभिप्रेत होते; तो मुद्दाम बाजूला झाला होता. त्याला बाहेर ठेवणे म्हणजे जे त्याला त्या दिवशी साधले नाही ते आता साधून देणे होते. कृतज्ञता आणि रचना या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि एकीची भरपाई दुसरीत करू नये.

मात्र ते करण्याची रीत बदलली. चित्र कापायचेच नाही असे ठरले. संपूर्ण निगेटिव्हची प्रत सुमारे ११.४ इंच चौरस काढली. म्हणजे निवडलेला सात इंचांचा भाग त्या प्रमाणात बरोबर आठ इंचांचा होतो. वर १२ बाय १५ चा जाड पांढरा माउंट, आणि त्याला ८ बाय १० ची खिडकी. खिडकीच्या डाव्या-उजव्या अंगांना प्रतीचा सारखाच, सुमारे १.७ इंच भाग पुठ्ठ्याआड जातो. एका बाजूला स्तूपाचा तुकडा झाकला आहे, दुसऱ्या बाजूला पिशवी धरलेला गृहस्थ. प्रत माउंटला सर्व बाजूंनी चिकटवली नाही. केवळ वरच्या कडेला कागदी पट्ट्यांनी टांगली आहे, म्हणजे हवेतल्या दमटपणाने कागद फुगला-आकसला तरी सुरकुती पडत नाही, आणि पुढे कोणाला मागचे पाहावेसे वाटले तर माउंट उचलून पाहता येते. फ्रेमवाल्याला ही मापे लिहून द्यावी लागली, कारण त्याचा पहिला कल जास्तीचा कागद कापून टाकण्याकडेच होता.

धाकट्याच्या मुलाची नजर आजही चौकटीबाहेर जाते, असे नव्हे. ती जाते ती धाकट्याची स्वतःची, पाच वर्षांच्या वयातली. पाहुणे विचारतात, हा तिकडे काय पाहतो आहे? घरातले सांगतात. काळा पट्टा अजून कोणी विचारलेला नाही. फ्रेमच्या पाठीवर थोरलीने एक पाकीट डकवले आहे. त्यात पुऱ्या निगेटिव्हची लहान प्रत आहे, आणि तिच्यामागे डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे, स्थळ आणि वर्ष लिहिले आहे. शेवटची ओळ अशी : उजवीकडचे गृहस्थ अपरिचित; पिशवी आपली.